गुंतवणूकदाराला द्यायचं एक पान: आधी तुमचे खरे आकडे, मग बाजारपेठ, आणि प्रत्येक दाव्याला आधार



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गुंतवणूकदाराला द्यायच्या एकपानी सारांशाची, म्हणजे वन-पेजरची, दुरुस्ती केली. स्क्रीनवर आकडे भराभर गेले, म्हणून तेच काम इथे सावकाश करू. कागद-पेन घेऊन बसा. तुमचं पान तयार असेल तर ते शेजारी ठेवा.

उदाहरणासाठी आपल्याच भागातला माल घेतला आहे: वायगावची हळद. अल्लीपूरहून शेजारच्या समुद्रपूर तालुक्यात गेलं की वायगाव, ज्याला आपण वायगाव हळद्या म्हणतो. या हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आपण असं धरू की हिंगणघाट तालुक्यातला एक तरुण या हळदीची पावडर पाकिटात भरून विकतो आणि त्याला गुंतवणूक हवी आहे. हा धंदा आणि त्याचे आकडे शिकवण्यासाठी बनवलेले आहेत. पण त्यातल्या गडबडी अगदी ओळखीच्या आहेत.

पान आत्ता कसं आहे?

त्याच्या पानाची सुरुवात अशी:

> भारतातील मसाल्यांची बाजारपेठ हजारो कोटींची असून ती झपाट्याने वाढत आहे. यातील फक्त १ टक्का हिस्सा मिळवला तरी आमची कंपनी शेकडो कोटींची होईल. वायगाव हळद ही जगातील सर्वोत्तम हळद असून आमचे उत्पादन एफएसएसएआय प्रमाणित आहे. आमचे ५,००० हून अधिक समाधानी ग्राहक आहेत. आतापर्यंत १२ लाखांची विक्री झाली आहे. आम्हाला ५० लाखांची गुंतवणूक हवी आहे.

वाचायला बरं वाटतं. पण यातलं एकही वाक्य वाचणाऱ्याला तपासता येत नाही. शिवाय त्याने स्वतः केलेलं काम, म्हणजे १२ लाखांची विक्री, शेवटून दुसऱ्या ओळीत दडलंय. वर आहे ती देशाची बाजारपेठ, जी त्याच्या आधीही होती आणि त्याच्याशिवायही राहील.

शार्क टँक इंडिया तुम्ही पाहता. समोरचा माणूस बाजारपेठेबद्दल बोलत असतो आणि मध्येच प्रश्न येतो: "महिन्याची विक्री किती?" टीव्हीवर निदान प्रश्न विचारायला माणूस असतो. कागद वाचणारा प्रश्न विचारत नाही, कागद बाजूला ठेवतो. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर पानाच्या वरच्या भागातच हवं.

हे उत्तर म्हणजेच ट्रॅक्शन. तुमच्या मालाने ग्राहकाला धरलंय का, हे दाखवणारे घडून गेलेले आकडे. ठरवलेले नाहीत, अपेक्षित नाहीत, घडून गेलेले.

पायरी १: "१२ लाखांची विक्री" उघडून बघा

विक्रीचा आकडा वर न्यायचा, पण त्याआधी तो साफ करायचा. वर नेलेला आकडाच पहिल्यांदा तपासला जातो.

आपल्या तरुणाने एप्रिल ते नोव्हेंबर अशा आठ महिन्यांत वहीत लिहिलेल्या सगळ्या ऑर्डरींची बेरीज केली, ती आली १२ लाख. आता बिलबुक आणि बँकेचं पासबुक घेऊन त्याच्या शेजारी बसू.

पहिली गोष्ट, ९० हजारांची ऑर्डर एका व्यापाऱ्याने फोनवर सांगितली होती, माल उचललाच नाही. ती विक्री नाही. दुसरी गोष्ट, ५० हजारांचा माल काही दुकानांत "विकला की पैसे देतो" या बोलीवर ठेवलेला आहे. मी स्वतः दुकान चालवतो, म्हणून सांगतो: असा माल दुकानदाराच्या रॅकवर असला तरी तो तुमचाच असतो. तो उद्या परत येऊ शकतो. तोही विक्रीत धरायचा नाही.

१२ लाखांतून ९० हजार आणि ५० हजार गेले. उरले १० लाख ६० हजार. ही खरी बिलं.

यातलं २ लाख ६० हजारांचं एकच बिल आहे. एका कारखान्याने दिवाळीला कामगारांना भेट म्हणून पाकिटं घेतली. ही विक्री खरी आहे, पैसेही आले. पण पुढच्या महिन्यात ती पुन्हा होणार नाही. म्हणून ती वेगळी लिहायची. सरासरीत मिसळली की महिन्याचा आकडा फुगतो, आणि डिसेंबरचे आकडे मागितले गेले की तुमचा धंदा घसरलेला दिसतो, जो खरं तर घसरलेला नाही.

नेहमीची विक्री उरली बरोबर ८ लाख. आता ती महिन्यांत मांडू:

एप्रिल ६२ हजार, मे ७० हजार, जून ७८ हजार, जुलै ८८ हजार, ऑगस्ट १ लाख २ हजार, सप्टेंबर १ लाख १६ हजार, ऑक्टोबर १ लाख ३६ हजार, नोव्हेंबर १ लाख ४८ हजार.

इथे गंमत बघा. १२ लाखांचे ८ लाख झाले, म्हणून तो तरुण नाराज होईल. पण "१२ लाख" या आकड्यात वाढ दिसतच नव्हती. आता दिसते: पहिल्या तीन महिन्यांत मिळून २ लाख १० हजार, शेवटच्या तीन महिन्यांत ४ लाख. दिवाळीचं मोठं बिल वगळूनही विक्री जवळपास दुप्पट झाली. ही ओळ १२ लाखांपेक्षा कितीतरी मजबूत आहे, आणि ती बिलबुकाने सिद्ध होते.

आणखी एक आकडा याच्याच बाजूला हवा: हातात आलेले पैसे. १० लाख ६० हजारांपैकी ९ लाख १० हजार जमा झाले आहेत, दीड लाख उधारी आहे. उधारी लपवू नका. किराणा दुकानांना माल देणाऱ्या प्रत्येकाची उधारी असते, हे समोरच्याला माहीत असतं. ती पानावर नसली तर त्याला एवढंच कळतं की तुम्ही ती मोजत नाही.

पायरी २: "५,००० समाधानी ग्राहक" कोण आहेत?

विचारल्यावर हिशेब असा निघाला: इन्स्टाग्रामवर ३,४०० फॉलोअर्स, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये २९० जण, प्रदर्शनात स्टॉलवर येऊन गेलेले अंदाजे १,०००, आणि प्रत्यक्ष पाकीट विकत घेतलेली ३१० घरं. बेरीज ५,०००. यातले ग्राहक फक्त ३१०. "समाधानी" हे तर कोणी विचारलंच नाही.

"यात काय एवढं? सगळेच लिहितात," असं वाटेल. अमेरिकेतला एक प्रसंग सांगतो. तिथे चार्ली जॅविस नावाच्या तरुणीची "फ्रँक" नावाची कंपनी होती, विद्यार्थ्यांना शिक्षणासाठीच्या मदतीचे अर्ज भरायला मदत करणारी. कंपनीकडे ४० लाखांहून जास्त विद्यार्थी आहेत, असं तिने सांगितलं, आणि २०२१ मध्ये जेपी मॉर्गन बँकेने ती कंपनी १७ कोटी ५० लाख डॉलरला घेतली. नंतर बँकेने त्या यादीवरच्या लोकांना ईमेल पाठवून पाहिले, तर बहुतेक पोचलेच नाहीत. खरे वापरकर्ते ३ लाखांपेक्षाही कमी निघाले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयात तिच्यावरचा फसवणुकीचा गुन्हा सिद्ध झाला. तिथे जाणूनबुजून खोटी यादी तयार केली होती, त्यामुळे तुलना तेवढी थेट नाही. पण तपासायची रीत तीच असते: यादी घ्यायची आणि त्यातल्या काही जणांशी संपर्क करायचा. आपल्याकडे गुंतवणूकदार पाच दुकानांना फोन लावेल, एवढाच फरक.

मग ग्राहक कसे मोजायचे? या धंद्यात दोन प्रकारचे ग्राहक आहेत. दुकानं ४६, घरं ३१०. ते वेगळेच लिहायचे. आणि दुकानांच्या बाबतीत खरा प्रश्न आहे, पुन्हा माल किती जणांनी मागवला?

काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो: पहिली ऑर्डर ओळखीची असते, दुसरी मालाची असते. गावातला पोरगा काहीतरी करतोय, ठेवू पाच किलो, असं म्हणून आम्ही दुकानदार पहिला माल घेतो. गिऱ्हाईकाने परत मागितलं तरच दुसरा मागवतो. म्हणून दुसऱ्या ऑर्डरीचा आकडा पानावरचा सगळ्यात मोलाचा आकडा आहे.

तो मोजताना एक काळजी घ्या. ४६ पैकी ८ दुकानं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोडली गेली. त्यांचा पहिलाच माल अजून संपला नसेल. त्यांना "परत आले नाहीत" असं मोजणं चूक, आणि "येतीलच" असं मोजणंही चूक. त्यांना बाजूला ठेवा. सप्टेंबरअखेरपर्यंत जोडलेली दुकानं ३८. त्यातल्या २९ दुकानांनी पहिल्या मालानंतर ६० दिवसांच्या आत पुन्हा माल घेतला. म्हणजे चारपैकी तीन. पानावर नुसतं "७६ टक्के" लिहू नका, "३८ पैकी २९" लिहा. एवढ्या लहान संख्येत टक्केवारी उगाच मोठी वाटते. ६० दिवस ही मुदतही लिहा, नाहीतर वाचणारा विचारेल, किती दिवसांत?

उरलेल्या ९ दुकानांना फोन करून कारण विचारा. "पाकीट महाग वाटतं" किंवा "आमच्याकडे सुटी हळदच चालते" अशी उत्तरं येतील. ती पानावर नको, पण भेटीत लागतील.

पायरी ३: एका किलोमागे काय उरतं?

हा आकडा मूळ पानावर नव्हताच. तो विक्रीच्या लगेच खाली हवा, कारण विक्री वाढली की तोटाही वाढतो, असे धंदे असतात.

दुकानाला सरासरी २९० रुपये किलोने माल जातो. साफसफाई आणि दळताना होणारी घट धरून हळकुंडांचा खर्च १७५ रुपये, दळणावळ १५, पाकीट आणि लेबल २०, पोच करायचा खर्च १५. एकूण २२५. किलोमागे उरले ६५ रुपये, म्हणजे शंभरातले साधारण २२.

इथे बहुतेक जण घट विसरतात. हळकुंडं ज्या भावाने घेतली तोच पावडरीचा खर्च धरतात. शंभर किलो हळकुंडं साफ करून दळली तर शंभर किलो पावडर मिळत नाही. तुमच्या शेवटच्या तीन दळपांची आधीची आणि नंतरची वजनं काढा, घट आपोआप कळेल.

पायरी ४: बाजारपेठेच्या दाव्यांना आधार द्या, नाहीतर खोडा

आता वरच्या वाक्याकडे या. बाजारपेठेच्या प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारायचे. हे कोणी मोजलं? कोणत्या वर्षी? नेमकं काय मोजलं? आणि वाचणाऱ्याला ते कुठे बघता येईल? चारही उत्तरं मिळाली तर वाक्य राहील. नाही मिळाली तर जाईल, कितीही आवडतं असलं तरी.

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. काय मोजलं? इंटरनेटवर "मसाला बाजारपेठ" शोधलं की परदेशी संशोधन कंपन्यांच्या अहवालांच्या जाहिराती येतात. अहवाल विकत घ्यायचा असतो, पण कोटींचा आकडा फुकट दिलेला असतो. त्यात हळद किती, मिरची किती, तयार मसाले किती, हॉटेलांची खरेदी धरली का, हे फुकटच्या भागात कळत नाही. असा आकडा उचलू नका. मोठ्या कंपन्या शेअर विकायला काढतात तेव्हा सेबीकडे माहितीपत्रक देतात. त्यात बाजारपेठेचा अहवाल कोणत्या संस्थेचा आहे आणि तो कंपनीने पैसे देऊन करून घेतला असेल तर तेही लिहिलेलं असतं. मोठ्यांना हे लिहावं लागतं, तर आपल्या पानावर एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

सरकारी आकडेसुद्धा नीट बघून घ्या. स्पायसेस बोर्डाच्या आकड्यांत मसाल्यांचं उत्पादन आणि निर्यात मिळते. ते पाकीटबंद हळदीच्या किरकोळ विक्रीचे आकडे नव्हेत. agmarknet.gov.in वर बाजार समित्यांमधली आवक आणि भाव मिळतात. कच्च्या मालाचा भाव दाखवायला ते उत्तम, पण आवक म्हणजे तुमची बाजारपेठ नव्हे. हिंगोली, वसमत, सांगली इथे येणारी हळद सगळ्या देशात जाते. तिथल्या आवकेवरून हिंगणघाटचं घर महिन्याला किती पाकिटं घेतं ते कळत नाही.

मग "१ टक्का मिळवला तरी" हे वाक्य? ते सरळ खोडा. एक टक्का कोणाकडून, कोणत्या दुकानातून, कशाने मिळणार, यातलं काहीच ते सांगत नाही.

त्याऐवजी बाजारपेठ खालून वर मोजा. आपल्या तरुणाने हे असं केलं. हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुके आणि वर्धा शहर, एवढाच भाग घेतला, कारण त्याची गाडी तिथवर जाते. या भागातल्या, त्याचा माल ठेवू शकतील अशा दुकानांची गावनिहाय यादी केली: ४२०. त्यातल्या ४० दुकानांना विचारलं, सुटी आणि पाकीटबंद मिळून महिन्याला हळद पावडर किती जाते? सरासरी आली १४ किलो.

४२० दुकानं गुणिले १४ किलो म्हणजे महिन्याला ५,८८० किलो. २९० रुपयांच्या भावाने महिन्याचे १७ लाख ५ हजार, वर्षाचे साधारण २ कोटी ५ लाख रुपये.

या आकड्याचा आधार तो स्वतःच आहे, आणि ते चालतं. फक्त पानावर लिहायचं: "स्वतः केलेली ४२० दुकानांची यादी, त्यातल्या ४० दुकानांची पाहणी, अमुक महिना." आणि ती यादी मागितली की दाखवता आली पाहिजे. ४० दुकानं निवडताना फक्त हिंगणघाटच्या मोठ्या पेठेतली घेऊ नका, नाहीतर सरासरी फुगेल. मोठी, मधली, खेड्यातली, तिन्ही घ्या.

पडताळणीसाठी दुसऱ्या बाजूनेही मोजा. लोकसंख्या जनगणनेतून घ्या. शेवटची प्रसिद्ध जनगणना २०११ ची, त्यात वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ७७४ आहे. आकडा जुना आहे, म्हणून वर्ष लिहायचंच. तालुक्यांचे आकडेही तिथेच मिळतात. दर माणशी हळदीचा वापर केंद्र सरकारच्या सांख्यिकी विभागाच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत बघा. या पाहण्यांमध्ये हळदीचा वापर ग्रॅममध्ये विचारला जातो. दोन्हींचा गुणाकार केलात की तो दुकानांच्या आकड्यापेक्षा मोठा येण्याची शक्यता आहे. कारण आपल्याकडे अनेक घरं हळकुंडं आणून चक्कीवर दळून घेतात. ती घरं हळद खातात, पण पावडरीचं पाकीट घेत नाहीत. त्यांना तुमची बाजारपेठ म्हणून मोजू नका. दोन आकड्यांत थोडाफार फरक चालेल. दहापट फरक आला तर कुठेतरी महिन्याचं वर्ष झालंय किंवा ग्रॅमचे किलो झालेत, हिशेब पुन्हा बघा.

पायरी ५: मालाबद्दलची विशेषणं

"जगातील सर्वोत्तम हळद" हे कोणी मोजलं? उत्तर नाही, म्हणून जाईल. त्याजागी "वायगाव हळद, भौगोलिक मानांकन २०१६" हे लिहिता येतं. पण इथे एक अट आहे. मानांकन हळदीला मिळालं आहे, तुमच्या धंद्याला नाही. ते नाव आणि जीआयचं चिन्ह पाकिटावर वापरायचं तर १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. तुमची नोंदणी झाली असेल तर तसं लिहा. शेतकऱ्यांकडून फक्त माल घेत असाल तर ती नोंदणी कोणाची आहे ते स्पष्ट करा.

कुरकुमिनच्या टक्केवारीचंही तसंच. वायगावच्या हळदीत ते ६ टक्क्यांच्या वर असल्याचं सांगितलं जातं, पण तुमच्या पोत्यात किती आहे ते तुमच्या बॅचची प्रयोगशाळेत तपासणी केल्यावरच कळेल. अहवालाची तारीख आणि बॅच नंबर देता आला तर लिहा.

आणि "एफएसएसएआय प्रमाणित" असं लिहू नका. एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना म्हणजे धंदा करायची परवानगी, मालाच्या दर्जाचं प्रशस्तिपत्र नव्हे. "एफएसएसएआय नोंदणी आहे" एवढंच खरं आहे, तेवढंच लिहा.

पायरी ६: आकड्यांनी मागणीच बदलली

इथवर आल्यावर त्या तरुणापुढे एक अवघड गोष्ट उभी राहते. जवळची बाजारपेठ वर्षाला २ कोटींची. नोव्हेंबरमध्ये या भागातल्या दुकानांना त्याचा ३८० किलो माल गेला, म्हणजे ५,८८० पैकी साडेसहा टक्के. उद्या पाव हिस्सा मिळवला तरी वर्षाची विक्री ५१ लाखांच्या आसपास, आणि किलोमागच्या हिशेबाने साधारण ११ लाख उरतील. त्यातून भाडं, पगार, व्याज जाईल. एका घरासाठी हा चांगला धंदा आहे. पण पैसे काही पटींनी परत मिळावेत म्हणून भाग घेणाऱ्या गुंतवणूकदारासाठी नाही. "हजारो कोटी" लिहिलं होतं तोवर हे झाकलेलं होतं.

म्हणजे आता दोन रस्ते. दळायचं मशीन घ्यायचं असेल तर ते बँकेच्या कर्जाचं काम आहे. अन्नप्रक्रियेच्या सरकारी अनुदान योजना असतात, त्यातली सध्या कोणती सुरू आहे ते कृषी विभागाच्या कार्यालयात विचारा. मशीनसाठी धंद्यातला हिस्सा विकू नका. गुंतवणूकदाराकडे जायचं तर मोठ्या बाजारपेठेची सुरुवात दाखवायला हवी. नव्या ८ दुकानांपैकी ६ नागपुरातली आहेत, नोव्हेंबरमध्ये तिथे ३० किलो माल गेला. एवढ्यावरून नागपूर जिंकलं असं म्हणता येत नाही. पण "चाचणी सुरू आहे" असं म्हणता येतं, आणि मागणी त्या चाचणीला बांधता येते. म्हणून ५० लाखांचे झाले १० लाख, आणि प्रत्येक लाखाला काम मिळालं.

आणखी एक गोष्ट. धंदा एकट्याच्या नावावर असेल तर शेअर देता येत नाहीत, त्यासाठी कंपनी लागते. सध्या काय आहे ते पानावर लिहा. आणि कंपनी असली तरी "आमच्यात गुंतवणूक करा" असं हे पान व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकू नका. खासगी कंपनीच्या शेअरविक्रीची जाहिरात करायला कंपनी कायद्यात मनाई आहे. पान ओळखून, निवडून, एकेकाला द्यायचं.

दुरुस्त पान

> काय करतो: वायगाव हळदीची पावडर २५० आणि ५०० ग्रॅमच्या पाकिटांत, किराणा दुकानांना. हिंगणघाट, समुद्रपूर, वर्धा. एकल मालकी, कंपनी नोंदणी गुंतवणुकीआधी करू. एफएसएसएआय नोंदणी आहे.
>
> आतापर्यंत (एप्रिल ते नोव्हेंबर, बिलांप्रमाणे):
> नेहमीची विक्री ८ लाख रु. पहिले तीन महिने २.१ लाख, शेवटचे तीन महिने ४ लाख. नोव्हेंबर १.४८ लाख.
> याशिवाय दिवाळीची एक मोठी ऑर्डर २.६ लाख, दर महिन्याची नाही.
> ४६ दुकानं, ३१० घरं. सप्टेंबरअखेरच्या ३८ दुकानांपैकी २९ नी ६० दिवसांत पुन्हा माल घेतला.
> किलोमागे विक्री २९० रु., खर्च २२५ रु., शिल्लक ६५ रु.
> एकूण बिलांपैकी ९.१ लाख जमा, १.५ लाख उधारी.
>
> बाजारपेठ: सध्याच्या भागात ४२० दुकानं, महिन्याला सरासरी १४ किलो, वर्षाला सुमारे २ कोटी रु. (स्वतःची यादी, ४० दुकानांची पाहणी, नोव्हेंबर). आमचा हिस्सा सुमारे ६.५ टक्के. नागपुरात ६ दुकानांत चाचणी सुरू, निष्कर्ष अजून नाही.
>
> मागणी: नागपुरातल्या १०० दुकानांसाठी, १२ महिने, १० लाख रु. माल आणि उधारी ६ लाख, विक्री प्रतिनिधी आणि वाहतूक ३ लाख, तपासणी आणि पॅकिंग १ लाख.

पान लहान झालं, मागणी लहान झाली. पण आता यातल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवून "दाखव" असं कोणी म्हणालं, तर दाखवायला कागद आहे.

तुमचं काम

तुमच्या पानाची प्रिंट काढा आणि दोन रंगांचे पेन घ्या. ज्या ओळीचा पुरावा तुमच्या बिलबुकात, बँक खात्यात किंवा जीएसटी रिटर्नमध्ये आहे तिच्याखाली हिरवी रेघ. जी ओळ बाहेरच्या जगाबद्दल आहे तिच्याखाली लाल. हिरव्या ओळी वर न्या. प्रत्येक लाल ओळीसमोर कोणी, कधी, काय, कुठे हे चार शब्द लिहून उत्तरं भरा. ज्या ओळीची उत्तरं भरली नाहीत, ती दुसऱ्या प्रिंटमध्ये नको.

हिरव्या ओळी तीनपेक्षा कमी निघाल्या, तर पान सध्या बाजूला ठेवा आणि आधी दुकानांना दुसरा माल द्या. पुढच्या व्हिडिओत उधारीचं वय कसं काढायचं ते बघू: कोणाचे पैसे ३० दिवसांचे, कोणाचे ६०, आणि कोणाला पुढचा माल थांबवायचा.